क्रेडिट एवढं दिसतंय, तरी बिल वाढलं कसं?

*आमच्या छोट्या टीमच्या एका सॉफ्टवेअरचं मासिक सबस्क्रिप्शन मी सांभाळते. दर महिन्याच्या १ तारखेला बिल येतं. एप्रिलची सुरुवात आम्ही ५ सीट आणि स्टँडर्ड प्लॅनने केली होती. १६ तारखेला बिझनेस प्लॅन घेतला, २१ तारखेला दोन सीट वाढवल्या आणि २८ तारखेला एकजण टीम सोडून गेल्यावर त्याला काढून टाकलं. मार्चमध्ये सेवा बंद पडली होती म्हणून कंपनीने २५ डॉलरचं क्रेडिटही दिलं होतं. माझ्या हिशेबाने मे महिन्याचे ६ सीटचे १८६.२० डॉलर व्हायला हवे होते, पण कार्डावरून २७७.८७ गेले. इन्व्हॉइसमध्ये बिझनेस प्लॅन चार वेळा दिसतोय आणि वजा ओळींची बेरीज केली तर १२८ डॉलरहून जास्त क्रेडिट आहे. आमच्याकडून दुप्पट पैसे घेतलेत का? सोबत इन्व्हॉइस जोडली आहे.*

*— हिशेब जुळेना म्हणून झोप उडालेली*

नमस्कार,

इन्व्हॉइस जोडलीत हे फार बरं केलंत. तिच्याशिवाय मला नुसते अंदाज बांधावे लागले असते. तुम्हाला पडलेल्या ९१.६७ डॉलरच्या फरकातले ५६.४७ डॉलर रास्त आहेत. उरलेले ३५.२० एका सीटचे आहेत आणि त्यांच्यासाठी तुम्हाला कंपनीला पत्र लिहावं लागेल. हे आकडे कुठून आले ते आता सावकाश पाहू, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला स्वतःलाच ताळा करता येईल.

इन्व्हॉइसमधल्या ओळी अशा आहेत:

```
Unused time on 5 × Standard after 16 Apr     -50.00
Remaining time on 5 × Business after 16 Apr   80.00
Unused time on 5 × Business after 21 Apr     -53.33
Remaining time on 7 × Business after 21 Apr   74.67
7 × Business, 1 May – 1 Jun                  224.00
Subtotal                                     275.34
Tax (10%)                                     27.53
Total                                        302.87
Applied balance                              -25.00
Amount due                                   277.87
```

वरून खाली वाचत गेलं की ही यादी डोकं फिरवते. म्हणून आधी पाचवी ओळ बाजूला काढा. ती एकटीच मे महिन्याची आहे. वरच्या चारही ओळी संपलेल्या एप्रिलबद्दल बोलतात. तुमचं सबस्क्रिप्शन आगाऊ पैशांवर चालतं, म्हणजे १ एप्रिलला तुम्ही अख्ख्या एप्रिलचे पैसे भरून मोकळ्या झाला होतात, स्टँडर्ड प्लॅनच्या दराने: ५ सीट, प्रत्येकी २० डॉलर, एकूण १००. मग महिन्याच्या मध्यावर प्लॅन बदललात. भरलेले पैसे एका प्लॅनचे आणि वापरलेला प्लॅन दुसरा, हा फरक कुठेतरी मिटवावाच लागतो. तो मे महिन्याच्या बिलात मिटवला गेला.

मिटवण्याची पद्धत मात्र आपल्या सवयीची नाही. आपण हातावर हिशेब केला तर नुसता फरक काढू. बिलिंग सॉफ्टवेअर फरक काढत नाही. ते जुनी गोष्ट पूर्ण परत करतं आणि नवी गोष्ट पूर्ण विकतं. १६ एप्रिलला महिन्याचे १५ दिवस उरले होते, ३० पैकी १५. स्टँडर्डच्या १०० डॉलरपैकी या न वापरलेल्या १५ दिवसांचे ५० तुमच्या नावे जमा झाले, ती पहिली ओळ. बिझनेसचा दर सीटमागे ३२, म्हणजे ५ सीटचे महिन्याला १६०. त्यातले १५ दिवसांचे ८० तुमच्याकडून घेतले, ती दुसरी ओळ. दोन्ही मिळून खरा खर्च ३० डॉलर.

तुम्ही वजा ओळींची बेरीज केलीत तिथेच गफलत झाली. उणे ५० हे हातात उरणारं क्रेडिट नाही. त्याच्या खालच्या ओळीने ते त्याच क्षणी खर्च करून टाकलं आहे. दुकानात जुनी वस्तू परत देऊन जास्त किमतीची नवी घेतली तर पावतीवर परताव्याचा आकडा छापला जातो, तरी पैसे आपल्यालाच द्यावे लागतात. तसंच हे. म्हणून `Unused time` आणि `Remaining time` या ओळी कधीही सुट्या वाचू नका. एकाच तारखेची जोडी शोधा, दोन्ही ओळींना पेन्सिलीने कंस करा आणि कंसाबाहेर एकच आकडा लिहा. तुमच्या इन्व्हॉइसमध्ये अशा दोन जोड्या आहेत.

दुसरी जोडी २१ तारखेची. तुम्ही वाढवल्यात दोन सीट, पण ओळींवर ५ आणि ७ दिसतात. इथेही तोच प्रकार आहे: पाच सीटचा उरलेला काळ परत केला, सात सीटचा उरलेला काळ विकला. उरलेले दिवस १०, म्हणजे महिन्याचा एक तृतीयांश. १६० चा एक तृतीयांश ५३.३३, आणि सात सीटच्या २२४ चा एक तृतीयांश ७४.६७. कंसाबाहेर लिहा २१.३४. आता सरळ मार्गाने तपासा: दोन सीट, प्रत्येकी ३२, एक तृतीयांश महिना. उत्तर २१.३३ येतं. हा एका सेंटचा फरक दोन्ही ओळी वेगवेगळ्या पूर्णांकित केल्यामुळे पडला आहे, त्याच्यामागे लागू नका. फरक काही सेंटांपेक्षा जास्त असेल तर मात्र तो पूर्णांकनाचा नव्हे, तेव्हा कारण शोधायलाच हवं.

बिझनेस चार वेळा का दिसतो याचं उत्तरही यातच आलं. १६ तारखेला पाच सीट विकल्या, २१ ला त्याच परत घेतल्या, लगेच सात विकल्या आणि मग मे महिन्यासाठी पुन्हा सात. चारातली एक ओळ वजा आहे आणि उरलेल्या तीन वेगवेगळ्या कालावधींच्या आहेत. दुप्पट आकारणी इथे झालेली नाही.

दुप्पट आकारणी वेगळीकडे होऊ शकते आणि ती तपासल्याशिवाय मी तुम्हाला निश्चिंत व्हायला सांगणार नाही. काही कंपन्या मधल्या बदलाचा फरक पुढच्या बिलापर्यंत थांबवून ठेवतात, तुमच्या कंपनीने केलं तसं. काही कंपन्या बदल केला त्याच दिवशी वेगळी इन्व्हॉइस काढून कार्डावरून पैसे घेतात. दोन्ही पद्धती योग्य आहेत, पण एकाच बदलासाठी दोन्ही वापरल्या गेल्या तर ती चूक. म्हणून कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये १६ आणि २१ एप्रिलच्या आसपास या कंपनीच्या नावे काही गेलंय का ते बघा. कर धरून १६ च्या बदलाचे ३३ डॉलर आणि २१ च्या बदलाचे २३.४७, असे आकडे शोधायचे. तिथे काही नसेल तर ही चार ओळींची आकारणी एकदाच झाली आहे.

दिवस मोजताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं ठिकाण कालावधीचा शेवट. तुमच्या पाचव्या ओळीवर `1 May – 1 Jun` छापलंय, पण १ जून त्यात धरलेला नाही. तो पुढच्या कालावधीचा पहिला दिवस. ३१ ऐवजी ३२ दिवसांनी भागाकार केला की कुठलाच आकडा जुळत नाही आणि उगाच कंपनीवर संशय येतो. काही कंपन्या शेवटची तारीख ३१ मे अशी छापतात, तिथे ती धरायची. शंका असेल तर पुढच्या इन्व्हॉइसच्या सुरुवातीची तारीख बघा, म्हणजे कळेल.

दुसरं ठिकाण बदलाची वेळ. तुमच्या इन्व्हॉइसचे आकडे इतके सुबक आले कारण ही कंपनी अख्खे दिवस मोजते. अनेक बिलिंग सॉफ्टवेअर सेकंदापर्यंत मोजतात. तुम्ही १६ तारखेला दुपारी २ वाजून २४ मिनिटांनी बटण दाबलं असतं आणि सेकंदाने मोजणी झाली असती, तर उरलेला काळ १५ दिवसांऐवजी १४.४ दिवस भरला असता. मग पहिल्या दोन ओळींवर ४८ आणि ७६.८० दिसले असते. असा वेडावाकडा आकडा समोर आला की उलट गणित करा: क्रेडिटचा आकडा भागिले पूर्ण कालावधीची किंमत, गुणिले कालावधीचे दिवस. ४८ भागिले १००, गुणिले ३०, बरोबर १४.४. उत्तर म्हणजे बिलिंग सॉफ्टवेअरच्या मते उरलेले दिवस. ते बदलाच्या तारखेशी जुळलं की ओळ बरोबर. अर्ध्या-पाऊण दिवसाने पुढेमागे असेल तर बहुतेक वेळा कारण एकच: घड्याळ. बरीचशी बिलिंग सॉफ्टवेअर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळावर नाही.

ताळा करताना जुनी, म्हणजे १ एप्रिलची इन्व्हॉइस शेजारी हवीच. `Unused time` चं क्रेडिट तुम्ही प्रत्यक्षात भरलेल्या रकमेवर मोजायला हवं, छापील दरावर नाही. एप्रिलला २० टक्के सवलत असती तर तुम्ही १०० ऐवजी ८० भरले असते, आणि अर्ध्या महिन्याचे ५० नव्हे तर ४० परत मिळाले असते. ते योग्यच झालं असतं. पण मग नव्या प्लॅनच्या ओळीवर ती सवलत चालू राहिली की सुटली, हे बघावं लागतं. प्लॅन बदलताना सवलत गळून पडणं ही मी पाहिलेली सर्वांत महाग चूक आहे, कारण सगळी बेरीज-वजाबाकी बरोबर येते आणि तरीही माणूस जास्त पैसे भरतो. तुमच्या एप्रिलच्या बिलात सवलत नाही, तेव्हा तुमच्यापुरता हा प्रश्न मिटला.

आता मार्चचे २५ डॉलर. ही एकच वजा रक्कम खरोखर तुमची आहे, आणि ती वरच्या वजा ओळींमध्ये नाही, तळाशी `Applied balance` मध्ये आहे. कंपनीकडे तुमच्या नावाने पडून असलेले पैसे, असं तिच्याकडे बघा. बिल पूर्ण तयार झालं, कर लागला, एकूण ३०२.८७ झाले आणि मग देय रकमेपैकी २५ या शिल्लकीतून भरले गेले. त्यामुळे २५ डॉलरवर कर वाचला नाही. तेच क्रेडिट वर, कराच्या आधी वजा झालं असतं तर कर २.५० डॉलरने कमी पडला असता. मार्चच्या २५ बाबत मी वाद घालणार नाही, ती कंपनीने आपणहून दिलेली रक्कम आहे. पण कराच्या आधी आणि कराच्या नंतर यातला फरक लक्षात ठेवा, सीटचे पैसे मागताना तो लागणार आहे.

त्या सीटकडेच येऊ, कारण माझं मन तिथेच अडकलंय. तुम्ही २८ एप्रिलला एकाला काढलं. तरी १ मेच्या ओळीवर ७ लिहिलंय आणि २८ तारखेची एकही जोडी इन्व्हॉइसमध्ये नाही. जोडी नसणं एकवेळ मी समजू शकते. बऱ्याच कंपन्या सीट कमी केल्यावर चालू महिन्याचे पैसे परत करत नाहीत, कपात पुढच्या रिन्युअलपासून लागू करतात. तीन दिवसांचा मामला होता, ३.२० डॉलरचा. पण रिन्युअलच्या ओळीवर आकडा ६ व्हायलाच हवा होता. तो ७ राहिला याचा अर्थ बिलिंग सॉफ्टवेअरपर्यंत तुमची कपात पोचलीच नाही.

हे का होतं ते मी स्वतः भोगलं आहे. एका संस्थेचे हिशेब बघत असताना टीममधून काढलेल्या दोघांच्या सीटचे पैसे आम्ही सात महिने भरत राहिलो. सदस्यांच्या यादीतून नाव गेलं होतं, म्हणून सगळं झालं असं मी धरून चालले होते. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये सदस्य काढणं आणि विकत घेतलेली सीट कमी करणं या दोन वेगळ्या क्रिया असतात, दोन वेगळ्या स्क्रीनवर. सदस्य काढला की सीट रिकामी होते. ती रिकामी सीट मात्र तुमच्याच नावावर राहते, दुसऱ्या कुणाला देता यावी म्हणून.

तेव्हा आज बिलिंगच्या पानावर जा आणि घेतलेल्या सीट किती, वापरात किती, हे दोन आकडे बघा. घेतलेल्या ७ आणि वापरात ६ असं दिसलं तर कंपनीने त्यांच्या नियमाने बरोबर बिल केलं आहे. चूक कुणाचीच म्हणता येणार नाही, पण तुम्ही लगेच तिथे सीट ६ करा आणि मग पत्र लिहून विनंती करा. २८ एप्रिलपासून ती सीट रिकामी आहे आणि कुणी वापरलेली नाही, हे त्यांना त्यांच्या नोंदीत दिसतं. अशा वेळी, विशेषतः लवकर लिहिलं तर, पैसे परत मिळण्याची शक्यता बरी असते. हक्क म्हणून मात्र मागता येणार नाही. याउलट बिलिंगच्या पानावर घेतलेल्या सीटच ६ दिसत असतील, किंवा २८ तारखेला कपातीची पुष्टी करणारा ईमेल तुमच्याकडे असेल, तर ती सरळ बिलिंगची चूक आहे. मग विनंतीची भाषा नको, दुरुस्ती मागा.

पत्र चार-पाच ओळींचं पुरे. इन्व्हॉइस क्रमांक लिहा, पाचव्या ओळीचा मजकूर जसाच्या तसा लिहा, ७ च्या जागी ६ असायला हवं होतं हे आणि २८ एप्रिल ही तारीख लिहा, स्क्रीनचा फोटो जोडा. वरच्या चार ओळींचा उल्लेखसुद्धा करू नका. त्या बरोबर आहेत, आणि त्यांच्यावरून प्रश्न विचारलात तर उत्तरात प्रोरेशन, म्हणजे दिवसांच्या प्रमाणात आकारणी, कसं चालतं यावरचा तयार मजकूर येईल, सीटचा मुद्दा बाजूला पडेल. रक्कमही तुम्हीच सांगा: सीटचे ३२ आणि त्यावरचा कर ३.२०, एकूण ३५.२०. आणि क्रेडिट नोट मागा, त्याच इन्व्हॉइसवरची. नुसतं 'आम्ही तुमच्या खात्यात ३२ डॉलर जमा करतो' असं उत्तर आलं तर थांबा. ती शिल्लक तळाशी, करानंतर वापरली जाते, म्हणजे न घेतलेल्या सीटवर भरलेला ३.२० डॉलरचा कर तुमच्याकडून गेलेला तसाच राहील. क्रेडिट नोट मूळ ओळ आणि तिच्यावरचा कर दोन्ही कमी करते. शिवाय तुमच्या हिशेबनिसाला वहीत नोंद करायला तोच कागद लागतो.

१ जूनची इन्व्हॉइस आली की ती लगेच उघडा. मे महिन्यात दुसरा काही बदल केला नाहीत आणि त्यांनी एप्रिलपासूनची कपात मान्य केली, तर तिच्यात एकच ओळ हवी: ६ सीट, १९२ डॉलर. कर १९.२०, एकूण २११.२०. ३५.२० कार्डावर परत आले असतील तर तेवढीच रक्कम जाईल. ते शिल्लक म्हणून ठेवले असतील तर `Applied balance` मध्ये उणे ३५.२० दिसेल आणि कार्डावरून १७६ डॉलर जातील. ओळीवर पुन्हा ७ दिसलं, तर बिलिंगच्या पानावरची कपात जतन झालेली नाही.